महिन्यातून किती दिवस? डोकेदुखीच्या गोळ्यांनी एका मेडिकलवाल्याला शिकवलेल्या सात गोष्टी

माझं मेडिकल सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर आहे. काउंटरमागे उभं राहून २७ वर्षं झाली. या काळात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "डोक्याची एक गोळी द्या." पहिली पंधराएक वर्षं मी पट्टीवर कात्री चालवायचो, गोळी द्यायचो, सुटे परत करायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. काही जणांचं डोकं त्या गोळ्यांमुळेच दुखत असतं, हे कॉलेजात वाचलेलं होतं. पण समोर उभं असलेलं माणूस त्यातलंच आहे, हे कधी ओळखता आलं नाही.

ते ओळखायला मला ज्यांनी भाग पाडलं, त्या इथल्या शाळेतल्या एक बाई. वय ४३. विशीपासून अर्धशिशी. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात त्या घशाच्या दुखण्याची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीत क्लॅरिथ्रोमायसिन होतं. मी खोकं काढत असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या डोक्याच्या त्या गोळ्यांचीपण एक पट्टी टाका." त्या गोळ्या म्हणजे अर्गोटामाइनच्या. माझा हात तिथंच थांबला. क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना अर्गोटामाइन घेतली, तर यकृत ती वेळेत मोडू शकत नाही. रक्तात तिचं प्रमाण वाढत जातं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यातून बोटं काळी पडल्याच्या नोंदी आहेत. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी घशाचं औषध बदलून दिलं.

बाई गेल्यावर मी कॉम्प्युटरवर त्यांचा मोबाइल नंबर टाकून जुनी बिलं पाहिली. तीन महिन्यांत पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन असलेल्या मिश्र गोळीच्या ९ पट्ट्या, अर्गोटामाइनच्या ३ पट्ट्या आणि पित्ताच्या कॅप्सूलच्या ४. सगळी बिलं माझ्याच दुकानाची होती. त्या दिवसापासून जे शिकलो, ते खाली लिहितो. गोळ्यांची दुकानातली नावं मुद्दाम देत नाही. घटकांची देतो, कारण नावं बदलली तरी घटक तेच राहतात.

१. गोळ्या मोजू नका, दिवस मोजा

दुसऱ्या दिवशी बाई घशाच्या औषधाचे पैसे द्यायला आल्या, तेव्हा मी विषय काढला. त्यांचं उत्तर तयार होतं. "मी दिवसाला दोनच घेते. चारपर्यंत चालतात म्हणे." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण तो हिशेब वेगळ्या प्रश्नाचा होता. दिवसाला किती गोळ्या चालतात, हे यकृत, मूत्रपिंड आणि जठर सांभाळण्यासाठी ठरवलेलं असतं. गोळ्यांमुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठी मोजायचं असतं ते महिन्यातले दिवस.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यासाठी दोन आकडे दिलेले आहेत. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारखी एकच वेदनाशामक गोळी असेल तर महिन्याला १५ दिवस. मिश्र गोळी, अर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा ट्रामाडॉल-कोडीनच्या जातीचं औषध असेल तर १० दिवस. असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललं असेल, मुळात डोकेदुखीचा आजार असेल आणि आता महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, तर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी धरतात.

यात एक खाच आहे. वेगवेगळ्या गोळ्यांचे दिवस एकत्र मोजायचे असतात. सहा दिवस ट्रिप्टान, पाच दिवस मिश्र गोळी, तर प्रत्येकाला वाटतं आपण मर्यादेत आहोत. पण दिवस वेगवेगळे असतील तर झाले ११. एका दिवशी एक गोळी घेतली काय आणि तीन घेतल्या काय, दिवस एकच धरायचा. म्हणून महिन्यात दोनच दिवस, पण त्या दिवशी चार-चार गोळ्या घेणारा माणूस या दुखण्याच्या बाबतीत त्यामानाने सुरक्षित असतो. रोज सकाळी चहाबरोबर "अर्धीच" घेणारी बाई मात्र त्यात सापडते.

२. गोळी लागू पडते, म्हणूनच संशय येत नाही

गिऱ्हाइकाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गोळीनं तर थांबतं, मग गोळीनं दुखतं कसं?" थांबतं हे खरंच आहे. चार-सहा तास थांबतं. गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा चढतं, माणूस पुन्हा गोळी घेतो. काही महिन्यांनी मेंदूतली वेदनेची यंत्रणा इतकी हळवी होऊन बसते, की पूर्वी ज्या उन्हाने, जागरणाने किंवा उपासाने डोकं दुखलं नसतं, त्यानेही दुखायला लागतं. हे नेमकं कसं घडतं याची सगळी साखळी अजून उलगडलेली नाही. पण गोळ्या थांबवल्यावर बहुतेकांचे डोकेदुखीचे दिवस कमी होतात, हे वारंवार दिसून आलेलं आहे.

मला स्वतःला पटलं ते माझ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे. गुडघ्यासाठी ते जवळजवळ रोज वेदनाशामक घेतात. त्याचे जठराचे आणि मूत्रपिंडाचे धोके वेगळे, त्यांच्या तपासण्या मी मागे लागून करून घेतो. पण डोकं? "डोकं कशाला दुखेल?" असं त्यांनी मलाच उलट विचारलं. ज्यांना मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी नाही, त्यांना सांधेदुखीच्या गोळ्यांनी ही नवी डोकेदुखी सहसा होत नाही. ती होते आधीच डोकेदुखीचा आजार असलेल्यांना. म्हणजे ज्यांना डोक्याच्या गोळीची खरी गरज असते, त्यांनाच तिचा हा धोका जास्त.

३. काउंटरवरून दिसतं ते दवाखान्यात दिसत नाही

डॉक्टरांपुढे माणूस दहा मिनिटं बसतो आणि "अधूनमधून गोळी घेतो" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला तसंच वाटत असतं. माझ्याकडे मात्र तो महिन्यातून सहा वेळा येतो. बाईंच्या बिलांनी डोळे उघडल्यावर मी काही खुणा मनात पक्क्या केल्या.

पहिली खूण, माणूस आजाराचं नाव घेत नाही, गोळीचं नाव घेतो, आणि एक गोळी मागणारा पट्टी मागू लागतो. मग दोन पट्ट्या, "येणं होत नाही म्हणून". दुसरी, घरातलं वेगवेगळं माणूस तीच पट्टी न्यायला येतं. सोमवारी मिस्टर, गुरुवारी मुलगा, शनिवारी बाई स्वतः. एका नंबरावर बिल निघत असेल तर ते लगेच कळतं, नाहीतर चेहऱ्यांवरून जोडावं लागतं. तिसरी, डोक्याच्या गोळीसोबत पित्ताची कॅप्सूल नेहमीची होते.

या तिसऱ्या खुणेवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे ती हमखास चकवते. आपल्या भागात निम्म्या अर्धशिशीला लोक "पित्ताचं डोकं" म्हणतात. डोकं चढतं, मळमळतं, उलटी होते, उलटीनंतर हलकं वाटतं. म्हणजे पित्त बाहेर पडलं, असा अर्थ लावला जातो. खरं तर मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणं आहेत. बाईही वीस वर्षं स्वतःला पित्ताच्या समजत होत्या. आणि आता तर रोजच्या गोळ्यांनी जठराची खरीखुरी जळजळ सुरू झाली होती, त्यामुळे पित्ताचा समज आणखी पक्का झाला होता.

चौथी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे डोकं दुखायच्या आधीच गोळी घेणं. "आज लग्नाला जायचंय, ऊन लागेल", "पालकसभा आहे, डोकं उठायला नको". बाईंच्या पर्समध्ये, शाळेच्या कपाटात आणि स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याशेजारी अशा तीन ठिकाणी गोळ्या असायच्या. शिवाय शाळेजवळच्या किराणा दुकानातून सुट्ट्या गोळ्या घेतलेल्या होत्या, त्या माझ्या बिलात आल्याच नव्हत्या. बिलात दिसतो त्यापेक्षा खरा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो.

४. पट्टीची पाठ वाचा

बाईंचा समज होता की आपण दोन वेगळी औषधं आलटून पालटून घेतो, म्हणजे एकाचा मारा होत नाही. मी दोन्ही पट्ट्या काउंटरवर उलट्या ठेवल्या आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगितलं. त्या शिक्षिका, त्यांनी धडा वाचावा तसं वाचलं. पहिल्या पट्टीत पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम, प्रोपिफेनाझोन १५०, कॅफिन ५०. दुसरीत अर्गोटामाइन १ मिलिग्रॅम, कॅफिन १००, पॅरासिटामॉल २५० आणि मळमळीचं प्रोक्लोरपेराझिन अडीच मिलिग्रॅम. "अहो, दोन्हीकडे तेच की!" त्या म्हणाल्या. पॅरासिटामॉल दोन्हीत आणि कॅफिनही दोन्हीत.

कॅफिनबद्दल लोकांना नवल वाटतं. ते गोळीचा असर थोडा वाढवतं, म्हणून घातलेलं असतं. पण रोज मिळणारं कॅफिन एकदम थांबलं की त्यानेही डोकं दुखतं. बाईंचा दिवसाचा पाच कप चहा होता, त्यावर गोळ्यांतलं कॅफिन. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड असायचं आणि चहा-गोळीनंतर "उघडायचं", त्यात रात्रभर कॅफिन न मिळण्याचाही वाटा असणार.

अर्गोटामाइनची गोष्ट वेगळी आहे. ते चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. बाईंची चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपलेली. पुन्हा द्या असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर अशा चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, हा नियम मला पाठ आहे. तरी ओळखीच्या बाई म्हणून मी देत आलो होतो. ती चूक माझी, आणि ती मी त्यांना त्याच दिवशी बोलून दाखवली. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर हे औषध चालत नाही. ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन यांच्यात २४ तासांचं अंतर लागतं. प्रोक्लोरपेराझिन वारंवार पोटात गेलं तर हातांना कंप किंवा अंगाला ताठरपणा येऊ शकतो. मी बाईंना बोटं गार पडतात का, मुंग्या येतात का, चालताना पोटऱ्या दुखतात का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. असतं तर त्यांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात पाठवलं असतं.

५. हिशेब मागा, जाब विचारू नका

सुरुवातीला मी एका रिक्षावाल्याला सरळ म्हणालो होतो, "तुला गोळ्यांची सवय लागलीय." तो पुन्हा दुकानात आला नाही. समोरच्या गल्लीतून गोळ्या घेऊ लागला, एवढाच माझ्या सल्ल्याचा उपयोग झाला. "सवय" म्हटलं की माणसाला व्यसन ऐकू येतं. आता मी दोनच प्रश्न विचारतो. डोक्याची गोळी महिन्यातून दहापेक्षा जास्त दिवस घेता का? आणि असं दर महिन्याला होतं का? दोन्हीला "हो" आलं की मी कॅलेंडरवर येतो.

त्याआधी मात्र एक चाळणी लावतो, कारण प्रत्येक डोकेदुखी मोजत बसण्याची नसते. क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि आखडलेली मान. एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं. डोक्याला मार लागल्यानंतरची. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली. गरोदरपणातली किंवा बाळंतपणानंतरची नवी डोकेदुखी. यातलं काही असेल तर गोळी देत नाही, वही काढत नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवतो.

बाईंमध्ये यातलं काही नव्हतं. साताऱ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांची तारीख चार आठवड्यांनंतरची मिळाली. मी म्हणालो, "बाई, दुधाचा खाडा कुठं लिहिता?" "कालनिर्णयवर." "मग तिथंच डोक्याचा लिहा." डोकं दुखलं त्या दिवशी चौकटीत टिंब. मिश्र गोळी घेतली तर त्यापुढे "मि", अर्गोटामाइन घेतली तर "अ". एवढंच लिहायचं. वही, अॅप सुचवून पाहिलं आहे, चार दिवसांत बंद पडतं. भिंतीवरचं कॅलेंडर बंद पडत नाही, कारण रोज सकाळी दूधवाला येतो.

चार आठवड्यांनी त्या पान फाडून घेऊन आल्या. २८ दिवसांत २२ टिंबं. मिश्र गोळी १७ दिवस, अर्गोटामाइन ६ दिवस, त्यातले ४ दिवस दोन्ही. म्हणजे १७ आणि ६ मिळून २३, त्यातून दोनदा मोजलेले ४ वजा, एकूण गोळीचे दिवस १९. गोळ्या मोजल्या तर ३९ भरल्या. बाई बराच वेळ पानाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचं असतं तर मी आठ-दहा दिवस म्हणाले असते."

डॉक्टरांकडे जाताना मी त्यांना ते पान आणि दोन्ही पट्ट्या सोबत घ्यायला सांगितल्या, आणि एक गोष्ट आठवणीने बोलायला सांगितली. थंडीत त्या माझ्याकडून दम्याचा पंप नेतात. त्यांना तो आजार वाटतच नव्हता, म्हणून त्या कुणाला सांगत नव्हत्या. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून जी रोजची औषधं देतात, त्यात प्रोप्रानोलॉल फार वापरतात आणि दम्याच्या माणसाला ती देत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, रक्तदाब पाहिला, कॅलेंडरचं पान पाहिलं आणि प्रोप्रानोलॉल टाळून रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सुरू केली. मिश्र गोळी आणि अर्गोटामाइन दोन्ही बंद.

६. सोडताना डोकं आधी वाढतं

हे आधी सांगितलं नाही तर बाकी सगळं सांगणं फुकट जातं. गोळ्या थांबवल्या की पहिले काही दिवस डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखतं. मळमळ, उलटी, झोप न लागणं, चिडचिड, छातीत धडधड हे सोबत येतं. ट्रिप्टान घेणाऱ्यांचं हे साधारण चार दिवसांत ओसरतं, अर्गोटामाइनवाल्यांचं आठवड्यात, साध्या आणि मिश्र गोळ्यांवाल्यांना दहा दिवसही लागतात. या दिवसांत माणसाला वाटतं, "बघा, गोळीशिवाय माझं चालत नाही." आणि तो परत पट्टी फोडतो.

म्हणून दिवस निवडून सोडायच्या. बाईंनी भाऊबीज झाल्यावरची उरलेली दिवाळीची सुट्टी निवडली. चहा त्यांनी दोन आठवडे आधीपासून पाचावरून दोन कपांवर आणला, म्हणजे दोन्ही मार एकदम बसायला नकोत. घरातल्या तिन्ही जागच्या गोळ्या त्यांनी एका पिशवीत भरून माझ्याकडे आणून दिल्या. डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यापुरती उलटीची गोळी लिहून दिली होती. अमिट्रिप्टिलिनचा गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत तिने तोंड कोरडं पडेल आणि सकाळी सुस्ती वाटेल, हेही मी सांगून ठेवलं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं फुटायला लागलं. तिसऱ्या दिवशी तीन उलट्या. चौथ्या रात्री नऊ वाजता मी शटर खाली घेत असताना बाईंचे मिस्टर आले. चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या. "भाऊ, एकच गोळी द्या. बघवत नाही मला." २७ वर्षांत गोळी न देणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं. पाणी पोटात राहतंय का, लघवी होतेय का, बोलणं नीट आहे का, ताप आहे का, मान वाकवता येते का, एकेक विचारलं. सगळं ठीक होतं. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उलटीची गोळी द्या, क्षारसंजीवनी घोट घोट पाजा, खोलीत अंधार करा, उद्या सकाळी मला कळवा. मी क्षारसंजीवनीची दोन पाकिटं दिली. त्यांनी पैसे काढले, मी घेतले. ते फुकट द्यायचं धाडस झालं नाही, कारण मग ते गोळीसाठीही अडून बसले असते असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी बाईंना दुपारी तीन तास झोप लागली. नवव्या दिवशी सकाळी त्या चहाआधी माझ्या दुकानासमोरून फिरायला जाताना दिसल्या. डोकं दुखत नव्हतं. अशी सकाळ दीड वर्षात आठवत नाही, म्हणाल्या.

एक धोक्याची सूचना इथंच देतो. साध्या वेदनाशामक, मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान सहसा एकदम बंद करता येतात. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या जातीचं औषध रोज घेणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम थांबू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत आणावी लागतात. आणि सगळ्यांची वाट एकच असते असंही नाही. काही डॉक्टर गोळ्या आधी बंद करतात, काही रोजचं प्रतिबंधक औषध सुरू करून गोळ्या आपोआप कमी होऊ देतात. कोणती वाट कुणाला, ते काउंटरवर ठरवायचं नाही.

७. अर्धशिशी राहते, तिला दिवस नेमून द्या

गोळ्या सुटल्या म्हणजे अर्धशिशी गेली, असं बाईंना वाटलं होतं. डिसेंबरात जुन्या पद्धतीचा झटका आला, अर्धं डोकं, उजेड नको, उलटी. त्या घाबरून आल्या, "परत सुरू झालं." मी म्हणालो, "बाई, ही तुमची मूळची. ही महिन्यातून दोनदाच येते." डॉक्टरांनी झटक्यासाठी ट्रिप्टान लिहून दिली होती, महिन्यात जास्तीत जास्त आठ दिवस. झटका सुरू होताच लवकर घ्यायची, चुकवण्यासाठी आधीच घ्यायची नाही. जानेवारीच्या पानावर ६ टिंबं होती आणि गोळीचे दिवस ४.

गोळ्या सोडलेल्या लोकांना पहिल्या वर्षातच पुन्हा अडकण्याचा धोका मोठा असतो. बाईही अडकणार होत्या. मार्चमध्ये पेपर तपासणी, त्यातच प्रशिक्षणाची ड्यूटी. महिन्याच्या २३ तारखेलाच गोळीचे दिवस ९ झाले होते. यावेळी मला बिल बघावं लागलं नाही. त्या स्वतः आल्या, फोनमधला कॅलेंडरच्या पानाचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "नऊ झाले भाऊ. पट्टी देऊ नका." त्यांनी डॉक्टरांना फोन केला, अमिट्रिप्टिलिनचा डोस वाढला, एप्रिलात दिवस पाचवर आले.

आता माझ्या दुकानात डोक्याच्या गोळ्यांचा खण मागच्या बाजूला आहे. समोर ठेवला की लोक बोट दाखवून मागतात आणि बोलणं होत नाही. मागून काढायला जे अर्धं मिनिट लागतं, त्यात एक प्रश्न विचारून होतो. धंदा कमी झाला का, असं माझा पुतण्या विचारतो. झाला. मिश्र गोळीचं खोकं पूर्वी आठवड्याला संपायचं, आता पंधरा दिवस पुरतं.

तुमच्या घरात कुणी डोक्याची गोळी नेहमी घेत असेल, तर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब द्यायला सुरुवात करा. चार आठवड्यांनी गोळीचे दिवस मोजा. मिश्र गोळीचे दहा किंवा साध्या गोळीचे पंधरा भरले, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि मेडिकलवाल्याने "महिन्यातून किती दिवस?" असं विचारलं, तर रागावू नका. खरा आकडा सांगा.